ln x ≤ x − १ : x च्या जागी काय ठेवायचं?

प्रश्न: ln x ≤ x − १ ची सिद्धता येते. पण वापरायला गेलं की भलतंच काहीतरी येतं. ln १०० ≤ ९९ हे खरं आहे, पण त्याचा उपयोग काय? x च्या जागी काय ठेवायचं हे ठरवतात कसं? आणि खालची मर्यादा हवी असेल तर?

उत्तर:

y = x − १ ही ln x च्या आलेखाला x = १ पाशी काढलेली स्पर्शिका आहे. स्पर्शिका आलेखाला चिकटते ती फक्त त्या बिंदूजवळ. x = १.०१ असताना दोन्ही बाजूंतला फरक साधारण ०.००००५ असतो, x = १.१ ला ०.००४७, आणि x = २ ला थेट ०.३१. x = १ + t लिहिलं तर, t लहान असेपर्यंत, हा फरक जवळपास t²/२ असतो. १०० ही संख्या १ पासून कुठल्या कुठे गेली, म्हणून तुम्हाला ९९ मिळाले. असमानतेचा त्यात काही दोष नाही, तुम्ही ती चुकीच्या जागी लावलीत.

तेव्हा लॉगच्या आत जे आहे ते आधी १ च्या जवळ आणायचं आणि मगच असमानता लावायची. ln १०० चंच घ्या. ज्याचा लॉग तोंडपाठ आहे अशी १०० च्या आसपासची संख्या शोधू. e⁵ म्हणजे सुमारे १४८.४१, तिचा लॉग ५. आता

ln १०० = ५ + ln(१००/e⁵) ≤ ५ + १००/e⁵ − १ = ४ + ०.६७३८, म्हणजे सुमारे ४.६७४

९९ वरून एका फटक्यात ४.६७४ वर आलो. खरी किंमत ४.६०५ आहे.

खालच्या मर्यादेसाठी नवी असमानता लागत नाही. x च्या जागी १/x ठेवा: ln(१/x) ≤ १/x − १. चिन्हं बदलली की

ln x ≥ १ − १/x

हीसुद्धा १ पाशीच चिकटते. पुन्हा e⁵ घेतला तर ln १०० ≥ ५ + १ − १.४८४१, म्हणजे ४.५१५ पेक्षा जास्त. एका e⁵ च्या जोरावर ln १०० हा ४.५१५ आणि ४.६७५ यांच्यामध्ये पकडला. माझ्या मते पाठ करण्यासारखी गोष्ट ही जोडी आहे, एकटी वरची असमानता नव्हे.

पण एखाद्या संख्येचा लॉग काढायला कॅल्क्युलेटर आहेच. ही जोडी खरी कामाला येते लांबलचक गुणाकारात, जिथे प्रत्येक अवयव आपसूकच १ च्या जवळ असतो. वाढदिवसाचं गणित तुम्ही ऐकलं असेल: खोलीत किती माणसं असली म्हणजे कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संभाव्यता निम्म्याहून जास्त होते? (२९ फेब्रुवारी सोडून देऊ, आणि ३६५ दिवस सारखेच संभाव्य मानू.) उत्तर २३ हे सगळ्यांना माहीत असतं. ते मोठे गुणाकार न करता सिद्ध करता येतं, आणि मला हे उदाहरण फार आवडतं.

n माणसांत एकही जुळणी नसण्याची संभाव्यता P अशी:

P = (१ − १/३६५)(१ − २/३६५) … (१ − (n−१)/३६५)

इथे बरेच जण P लाच x समजून ln P ≤ P − १ लिहितात. त्यातून हाती काही लागत नाही, कारण P हा ०.५ च्या आसपास आहे, १ पासून लांब. १ च्या जवळ आहेत ते सुटे अवयव. म्हणून आधी लॉग घेऊन गुणाकाराची बेरीज करायची आणि मग प्रत्येक पदाला असमानता लावायची. x = १ − k/३६५ ठेवलं की x − १ = −k/३६५, म्हणून

ln P ≤ −(१ + २ + … + (n−१))/३६५ = −n(n−१)/७३०

n = २३ साठी n(n−१)/२ = २५३. म्हणजे ln P ≤ −२५३/३६५. आपल्याला P < १/२ हवंय, म्हणजे ln P < −ln २. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की २५३/३६५ ही संख्या ln २ पेक्षा मोठी आहे का.

हे गणित मी वर्गात फळ्यावर घेतलं तेव्हा एका मुलीने वहीत दोन्ही संख्या तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिल्या होत्या. दोन्हीकडे ०.६९३. “दोन्ही सारखेच येतायत, मग सिद्ध कसं होणार?” तिचं अडणं बरोबरच होतं. पुढचे अंक पाहा:

२५३/३६५ = ०.६९३१५०६…
ln २ = ०.६९३१४७१…

पाच दशांश स्थळांपर्यंत गोल केलं तरी दोन्ही ०.६९३१५ च येतात. सहाव्या स्थळावर फरक दिसतो, आणि तो आपल्या बाजूने आहे. म्हणून P < ०.५, थोडक्यात पण पक्कं. दोन संख्या एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की मधली एकही संख्या अंदाजे गोल करायची नाही. आणि गोल करणं भागच असेल तर स्वतःच्या विरुद्ध दिशेने करायचं: जी संख्या मोठी असायला हवी ती खाली, जी लहान हवी ती वर. तसं करूनही असमानता टिकली तरच ती सिद्ध झाली.

P ची खरी किंमत ०.४९२७ आहे आणि आपली वरची मर्यादा ०.४९९९९८. मधला फरक आला कुठून? प्रत्येक पदात आपण सुमारे t²/२ सोडून दिले. k = १ ते २२ पर्यंत k² ची बेरीज ३७९५, ती २ × ३६५² ने भागली की ०.०१४२. लॉगमध्ये एवढी तूट पडली. असा हिशेब आधीच मनात केला तर असमानता पुरेल की नाही ते आधीच कळतं.

पण “२३ पुरतात” एवढ्याने काम संपत नाही. २२ पुरत नाहीत हेही दाखवायला हवं, आणि इथेच गफलत होते. वरच्या सूत्रात n = २२ टाकलं तर P ≤ e^(−२३१/३६५), म्हणजे साधारण ०.५३१. हे ०.५ पेक्षा जास्त आलं म्हणून “२२ पुरत नाहीत” असं लिहिलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. पण P ही ०.५३१ पेक्षा कमी आहे एवढंच त्यातून कळतं, ती ०.४ सुद्धा असू शकली असती. इथे P साठी खालची मर्यादा हवी, म्हणजे जोडीतली दुसरी असमानता.

x = १ − k/३६५ असताना १ − १/x = −k/(३६५−k). k जास्तीत जास्त २१ आहे, म्हणून प्रत्येक छेद निदान ३४४ तरी आहे. सगळ्या छेदांच्या जागी ३४४ ठेवला तर

ln P ≥ −(१ + २ + … + २१)/३४४ = −२३१/३४४, म्हणजे −०.६७२ पेक्षा मोठं

०.६७२ हे ln २ पेक्षा कमी आहे, आणि या वेळी अंतरही ऐसपैस आहे. म्हणून P > ०.५. (e^(−०.६७२) सुमारे ०.५११ येतं, खरी किंमत ०.५२४.) २२ पुरत नाहीत, २३ पुरतात, दोन्ही सिद्ध, एकच असमानता सरळ आणि उलटी वापरून.

एक सावधगिरी. काही जण लॉग न घेता १ − t ≤ e^(−t) असं लिहून थेट गुणाकार करतात. ही असमानता प्रत्येक वास्तव t साठी खरी आहे, म्हणून ती निर्धास्तपणे वापरली जाते. पण असमानतांचा गुणाकार चालतो तो अवयव ऋण नसतील तरच. t = ३ घ्या: −२ ≤ e^(−३) हे खरंच आहे, पण तिचा तिच्याशीच गुणाकार केला तर ४ ≤ e^(−६) येतं, जे साफ खोटं. लॉगच्या रूपात ही चूक होत नाही, कारण तिथे x > ० ही अट डोळ्यासमोर असते.

आता जिथे ही जोडीही अपुरी पडते ते पाहा. डब्यात १०० क्रमांकित चिठ्ठ्या आहेत. प्रत्येकाने एक काढायची, आकडा पाहून परत टाकायची. किती माणसं असली म्हणजे आकडा जुळण्याची संभाव्यता निम्म्याहून जास्त? १३ साठी ७८/१०० = ०.७८, ते ln २ पेक्षा मोठं, म्हणून १३ पुरतात. १२ साठी वरची मर्यादा e^(−०.६६), म्हणजे ०.५१७. खालच्या मर्यादेसाठी k/(१००−k) ची k = १ ते ११ अशी बेरीज करा, छेद एकसारखा न करता प्रत्येक पद वेगळं धरून. ती ०.७१५ येते, म्हणजे P ≥ ०.४८९. एक मर्यादा ०.५ च्या वर, दुसरी खाली. निकाल लागत नाही, आणि पदं आणखी काळजीपूर्वक मोजूनही लागणार नाही. तूट t²/२ ची आहे आणि इथे t ०.११ पर्यंत जातो.

अशा वेळी सोडून दिलेलं ते t²/२ परत आणायचं. ० < t < १ साठी

−ln(१ − t) = t + t²/२ + t³/३ + … ≤ t + (t²/२)(१ + t + t² + …) = t + t²/(२(१−t))

इथे १ − t निदान ०.८९ आहे. k = १ ते ११ साठी t ची बेरीज ०.६६ आणि t² ची बेरीज ०.०५०६. म्हणून

−ln P ≤ ०.६६ + ०.०५०६/१.७८, म्हणजे ०.६८९ पेक्षा कमी

ते ln २ पेक्षा कमी, म्हणून P > ०.५. १२ पुरत नाहीत, उत्तर १३. P ची खरी किंमत ०.५०३ आहे, इतक्या काठावर असल्यामुळेच साध्या जोडीने हात टेकले होते.