17 सप्टेंबरची कॅप्शन टाकण्याआधी

मुक्तिसंग्राम दिनाला पैठणीच्या दुकानाची पोस्ट टाकायची आहे ना? मग गेल्या वर्षीची कॅप्शन जशीच्या तशी उचलू नकोस. 2025 ला त्या दिवशी बुधवार होता, 2026 ला गुरुवार आहे. वार आणि तारीख कॅलेंडरमध्ये जुळवून बघ. ऑफर कधी संपते तेही लिही.

सगळ्यात जास्त वेळ ‘अस्सल हातमाग’ या दाव्याला दे. दुकानदार म्हणाला म्हणून लिहायचं नाही. पदर उलटा करून बघ: हातमागावरच्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. मागे सुटे, कापलेले धागे लोंबत असतील तर तो शब्द काढून टाक आणि दुकानदाराला पुन्हा विचार.

किंमत बिलाशी ताडून घे, फोटोतलीच साडी त्या किमतीला मिळते का ते बघ. विणकर ताईंचा फोटो असेल तर जाहिरातीसाठी म्हणून स्पष्ट विचार, होकार व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घे.

आणि ‘मुक्तिदिन धमाका’ नको, बाबा. निजामाच्या राजवटीतून सुटका व्हावी म्हणून माणसांनी जीव दिला. त्या दिवशी अभिवादनाची पोस्ट वेगळी टाक, सेलची दुसऱ्या दिवशी.