‘स्टॉप्ड’मधला शेवटचा आवाज: भूतकाळाचे आणि अनेकवचनाचे इंग्रजी शेवट

प्रश्न: ताई, मी ऐरोलीला राहते आणि वाशीच्या एका खासगी रुग्णालयात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. पुढच्या वर्षी इंग्लंडला नोकरीसाठी जायचा विचार आहे. सरावाच्या मुलाखतीत मला सांगितले, की माझे ‘ईडी’ आणि ‘एस’ ऐकूच येत नाहीत. लिहिताना मी व्याकरणात चुकत नाही. मग बोलताना एवढ्याशा आवाजाने खरेच फरक पडतो का, आणि तो सुधारायचा कसा?

उत्तर:

फरक पडतो, पण प्रत्येक वाक्यात सारखा पडत नाही. तो नेमका कुठे पडतो हे एकदा लक्षात आले की सराव कशाचा करायचा हेही ठरते. मी मूळची ठाण्याची, आणि सध्या इंग्लंडमध्ये सर्जिकल वॉर्डमध्येच काम करते, त्यामुळे उदाहरणे तुमच्याही रोजच्या कामातली, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला रुग्णांची माहिती देतो त्या हँडओव्हरची देते.

समजा संध्याकाळी साडेसातचा हँडओव्हर चालू आहे आणि जाणारी नर्स म्हणते, “वी स्टॉप द ड्रिप ॲट सिक्स.” तिच्या मनात आहे ‘सहाला बंद केली’. ऐकणारीला मात्र ‘सहाला बंद करायची आहे’ असे ऐकू येते, कारण इंग्रजीत ठरलेल्या वेळेच्या पुढच्या कामासाठी साधा वर्तमानकाळ सर्रास वापरतात. सहा हा आकडा संध्याकाळचा असू शकतो आणि उद्या पहाटेचाही. मग ती विचारते, “झाली आहे की करायची आहे?” सुदैवाने तिने विचारले, न विचारता वहीत ‘सकाळी सहा’ असे लिहून घेतले असते तर घोटाळा झाला असता. या वाक्यात आजचा की उद्याचा हे सांगणारी एकच गोष्ट होती, ‘स्टॉप’नंतरचा शेवटचा आवाज, आणि नेमका तोच गळला होता. याउलट “यस्टर्डे वी स्टॉप द ड्रिप” असे कोणी म्हणाले तर वाक्य अशुद्ध ठरेल, पण अर्थ बिघडणार नाही, कारण ‘यस्टर्डे’ने काम केलेले आहे.

अनेकवचनाचेही असेच आहे. “टू टॅब्लेट” म्हटले तरी दोन गोळ्या कळतात, संख्या आधीच सांगितलेली आहे. पण रुग्णाला जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळ्या, म्हणजे ड्रेन, दोन लावलेले असताना “आय रिमूव्ह्ड द ड्रेन” असे म्हटले, तर एक काढला आणि एक अजून आहे, असाच अर्थ निघतो. ‘द’ एकालाही चालतो आणि अनेकांनाही, म्हणून ‘ड्रेन्स’मधला शेवटचा आवाज गेला की संख्याही गेली.

आपल्या तोंडून हे शेवट का गळतात, याचे कारण आपल्या भाषेच्या सवयीत आहे. मराठीत काळ बहुधा स्वर असलेल्या पूर्ण अक्षरात उतरतो: थांबवतो, थांबवले, थांबवणार. शब्दाच्या टोकाला लटकलेल्या एकट्या व्यंजनावर काळ ठरतो, याची आपल्या कानाला सवय नाही. शिवाय वॉर्डमध्ये आपण दिवसभर ‘चार पेशंट आले’, ‘तीन बेड रिकामे आहेत’ असे म्हणतो. मराठी वाक्यात ते बरोबरच आहे, कारण अनेकवचन ‘आले’ आणि ‘रिकामे’ या शब्दांनी दाखवलेले असते. पण तेच ‘पेशंट’ आणि ‘बेड’ इंग्रजी वाक्यात जसेच्या तसे जातात, आणि तिथे त्यांची संख्या सांगायला बहुतेक वेळा दुसरे कोणी नसते.

आता आवाजाकडे येऊ. ‘ईडी’ लिहिताना एकच असले तरी त्याचे उच्चार तीन आहेत. क्रियापदाचा शेवट ट किंवा ड या आवाजाने होत असेल तरच ‘इड’ हे वेगळे अक्षर उच्चारायचे: ॲडमिटिड, व्हॉमिटिड, नीडिड. बाकी कुठेही नवे अक्षर येत नाही. प, क, फ, स, श, च यांसारख्या घसा न थरथरणाऱ्या आवाजांनंतर फक्त ट येतो, आणि ब, ग, व, म, न, ल असे घसा थरथरवणारे आवाज किंवा स्वर यांच्यानंतर फक्त ड येतो. यादी पाठ करू नका. घशावर बोट ठेवून क्रियापदाचा शेवटचा आवाज लांबवला की थरथर आहे की नाही ते लगेच कळते. प, क, च, ब आणि ग लांबवता येत नाहीत, तेवढे लक्षात ठेवावे लागतात.

आपल्या देवनागरी लेखनाने इथे एक अडचण करून ठेवली आहे. आपण ‘स्टॉप्ड’, ‘चेक्ड’ असे लिहितो आणि मग तसाच ड म्हणायला जातो. मराठीला ते जमतेही, कारण ‘झोपडी’त प आणि ड शेजारी येतात आणि ‘वाकडा’त क आणि ड. परंतु शब्दाच्या टोकाला हा ड म्हणताना मध्ये नकळत स्वर घुसतो आणि ‘स्टॉपड’, ‘चेकेड’ असे काहीतरी तयार होते, जे इथल्या कानाला एक जादा अक्षर वाटते. ते टाळायला गेले की ड पूर्णच सुटतो. त्यापेक्षा ‘आपटे’ हे आडनाव म्हणा आणि शेवटचा स्वर तोडा; उरलेला प-ट हाच ‘स्टॉप्ट’चा शेवट. ‘एकटा’मधला क-ट हा ‘चेक्ट’चा शेवट. आपला ट इंग्रजी ट पेक्षा थोडा मागे उच्चारला जातो, पण त्याने अर्थाला बाधा येत नाही, त्यामुळे त्याच्या मागे लागू नका. उच्चाराची मराठी ढब पुसण्याची गरज नाही. आवाज तिथे असला पाहिजे, इतकेच.

अनेकवचनाच्या ‘एस’लाही तोच घशाचा नियम लागू आहे. टॅब्लेट्समध्ये ट नंतर स येतो, आणि ‘पाच’ म्हणताना शेवटी जो च येतो, जवळपास तोच हा आवाज आहे. स, श, च, ज अशा आवाजांनी संपणाऱ्या शब्दांना पूर्ण अक्षर लागते: नर्सिज, डोसिज, बॅन्डेजिज. खरी गडबड उरलेल्या शब्दांत होते, कारण ड्रेन, लेग, आय, नी यांच्यानंतर स नसून ‘आवाज’मधल्या ज सारखा घसा थरथरवणारा, म्हणजे घोष असलेला आवाज येतो. ‘जीवन’मधला ज इथे चालणार नाही. ‘आवाज’ म्हणताना जीभ वर चिकटू न देता शेवटचा आवाज घासत, गुणगुणत ठेवा, म्हणजे हवा तो उच्चार मिळतो. हा आवाज आपल्याकडे आधीच आहे, ही मराठी माणसाची मोठी सोय आहे. ‘नीज’ म्हणजे गुडघे आणि ‘नीस’ म्हणजे भाची. ‘आइज’ म्हणजे डोळे आणि ‘आइस’ म्हणजे बर्फ.

इथे एक बारकावा आहे, जो मला स्वतःला फार उपयोगी पडला. वाक्याच्या शेवटी इंग्रज लोकही हा ज पुरता घोषयुक्त करत नाहीत, तो बराचसा स कडे झुकतो. तरीही त्यांना फरक कळतो, कारण घोष व्यंजनाच्या आधीचा स्वर ते लांब ठेवतात. ‘नीज’मधला ई ताणलेला असतो, ‘नीस’मधला आखूड असतो. मराठीत शेवटच्या व्यंजनावरून स्वराची लांबी अशी ठरत नाही, म्हणून आपण दोन्हीकडे सारखाच ई म्हणतो. ज नीट जमत नसेल तर निदान स्वर लांबवा. ऐकणाऱ्याला मोठी खूण तिथूनच मिळते.

हे सगळे एका छोट्या हँडओव्हरवर लावून पाहू. “ही कम्प्लेन्ड ऑफ पेन ॲट फोर. वी चेक्ड इट, गेव्ह टू टॅब्लेट्स अँड इन्फॉर्म्ड द डॉक्टर. शी स्टॉप्ड द ड्रिप. आय एम्प्टीड द ड्रेन्स अँड चेंज्ड ऑल द ड्रेसिंग्ज.” जिथे पुढचा शब्द स्वराने सुरू होतो, तिथे शेवटचे व्यंजन त्या स्वराला जोडून टाका: ‘कम्प्लेन-डॉफ’, ‘चेक-टिट’, ‘चेंज-डॉल’. असे केले की व्यंजन टोकाला लटकत नाही, त्याला मराठीसारखा स्वर मिळतो आणि ते स्वच्छ ऐकू येते. सरावाची सुरुवात याच जोड्यांपासून करावी. ‘इन्फॉर्म्ड द’मध्ये ड पुढच्या द मध्ये जवळजवळ विरून जातो, इथले लोकही तो स्पष्ट म्हणत नाहीत, आणि आधीच्या ‘गेव्ह’ने भूतकाळ सांगितलेला असल्यामुळे काही बिघडत नाही. ‘स्टॉप्ड द’ ही मात्र धोक्याची जागा आहे, कारण तिथे दोन व्यंजने संपून लगेच तिसरे सुरू होते. ‘शी’ असल्यामुळे वर्तमानकाळात ‘स्टॉप्स’ आले असते, एवढा आधार आहे. ‘वी’ असते तर तोही नसता. अशा ठिकाणी प नंतर जीभ ट च्या जागी टेकवून क्षणभर थांबा आणि मग ‘द’ म्हणा. घाईत ते जमत नसेल तर वाक्यच बदला: “द ड्रिप हॅज ऑलरेडी बीन स्टॉप्ड.” यात ट गळला तरी ‘हॅज ऑलरेडी बीन’ने अर्थ धरून ठेवलेला असतो.

आपले आपण ऐकून सुधारणा कळत नाही, कारण आपल्याला काय म्हणायचे आहे ते माहीत असते आणि न उच्चारलेला आवाजही आपल्याला ऐकू आल्यासारखा वाटतो. म्हणून काळाचा दुसरा कोणताही शब्द नसलेली 10 वाक्ये ‘वी’ने सुरू करून लिहा, काही वर्तमानकाळातली आणि काही भूतकाळातली, क्रम विस्कटून फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि घरातल्या कोणालाही फक्त ‘करतो’ की ‘केले’ एवढे लिहायला सांगा. नुसत्या अंदाजानेही 5 च्या आसपास उत्तरे बरोबर येतात, त्यामुळे 6 किंवा 7 वर समाधान मानू नका. 9 आली तरच आवाज पोहोचतो आहे. अनेकवचनासाठी ‘द ड्रेन’, ‘द ड्रेन्स’ अशी वाक्ये घेऊन हीच चाचणी करावी.

आयईएलटीएस आणि ओईटी या इंग्रजीच्या दोन्ही परीक्षांच्या बोलण्याच्या भागात व्याकरणाला आणि उच्चाराच्या स्पष्टतेला वेगवेगळे गुण असतात. परीक्षकाला तुमचे लिखाण दिसत नाही. गळलेला ‘ईडी’ त्याच्या लेखी काळाची चूक ठरू शकतो, त्यामुळे एकाच आवाजासाठी दोन्हीकडे गुण जाण्याची शक्यता असते.

फोनवर बोलताना मात्र निव्वळ उच्चारावर विसंबू नका. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन यंत्रणेत साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पलीकडे जातो, आणि स चा बराचसा जोर 4000 हर्ट्झच्या वर असतो. तोंडावर मास्क असेल तर असे उंच आवाज आणखी दबतात. म्हणजे तुम्ही ‘ड्रेन्स’ अगदी बरोबर म्हटले तरी रात्री डॉक्टरांना वॉर्डमधून फोन केल्यावर त्यांना ‘ड्रेन’ ऐकू येऊ शकते. म्हणून फोनवर “बोथ ड्रेन्स आर आऊट”, “ऑल थ्री टॅब्लेट्स” असे म्हणावे आणि समोरच्याकडून ते परत म्हणवून घ्यावे.