घड्याळ ‘पुढे आहे’ की ‘पुढे जातं’?

प्रश्न (इंदूर): मुलीच्या परीक्षेच्या हिंदी पुस्तकात आहे, ‘घड़ी हर घंटे 5 मिनट तेज चलती है।’ घरी मराठीत समजावताना मी म्हटलं, ‘घडी पाच मिनिटांनी पुढे आहे.’ हे बरोबर का? शिवाय सकाळी ८ला लावलेल्या त्या घड्याळात दुपारी अडीच वाजले तेव्हा खरी वेळ मी १ वाजून ५७ मिनिटे ३० सेकंद काढली, पुस्तकात २ आहे. चूक कुठे झाली?

उत्तर: तुमचे दोन्ही प्रश्न एकाच जागी अडकले आहेत, म्हणून आधी क्रियापद पाहू. ‘घड्याळ पुढे आहे’ म्हणजे या क्षणी त्यात अमुक मिनिटं जास्त दिसतात, इतकंच. उद्याही तेवढीच जास्त दिसतील की आणखी वाढतील, हे त्यावरून कळत नाही. ‘घड्याळ पुढे जातं’ म्हणजे त्याची चालच जास्त आहे आणि फरक वाढत राहणार. लंबकाच्या घड्याळात हा भेद हातानेच कळतो. घड्याळ नुसतं पुढे असेल तर काटे फिरवून बरोबर लावलं की काम झालं. पुढे जात असेल तर काटे कितीही वेळा लावा, दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. तिथे लंबकाखालची चकती फिरवून गोळा थोडा खाली घ्यावा लागतो. लंबक लांब झाला की झोका सावकाश होतो आणि घड्याळाची चाल उतरते.

एकदा पाहून ‘पुढे जातं’ असं म्हणताच येत नाही. काल याच वेळी ३ मिनिटं पुढे होतं आणि आज ५ मिनिटं आहे, तर ते दिवसाला २ मिनिटं पुढे जातं. दोनदा पाहिल्याशिवाय चाल कळत नाही. (ताशी ५ मिनिटं म्हणजे दिवसाला दोन तास. असं घड्याळ फक्त गणिताच्या पुस्तकातच टिकतं, घरात कोणी भिंतीवर ठेवणार नाही.)

उलट बाजूला ‘मागे पडतं’ म्हणावं. ‘मागे जातं’ असंही कानावर येतं, पण त्यात काटे उलटे फिरत असल्याचा भास होतो. घड्याळाचे काटे पुढेच जात असतात, फक्त खऱ्या वेळेबरोबर राहत नाहीत, म्हणजे चालणाऱ्यांच्या घोळक्यातला एखादा मागे पडतो तसं.

तुमच्या वाक्यात आणखी एक खाच आहे, ‘मिनिटांनी’. मराठीत ‘-नी’ने फरकही सांगतात आणि किती वेळानंतर तेही सांगतात. ‘पाच मिनिटांनी ये’ म्हणजे पाच मिनिटं झाल्यावर ये. गणितात जिथे दोन्ही अर्थ शक्य असतात तिथे ‘५ मिनिटे पुढे’ असं विभक्तीशिवाय लिहिलेलं बरं.

आता तुमचं १:५७:३०. तुम्ही बहुधा असं केलंत: घड्याळात साडेसहा तास झाले, तासाला पाच म्हणजे साडेबत्तीस मिनिटं जादा, ती अडीचमधून वजा केली. हे साडेसहा तास कोणाचे? त्या चुकीच्या घड्याळाचे. तुमची वजाबाकी बरोबर आहे, पण ‘तासाला’ या शब्दातला तास तुम्ही बिघडलेल्या घड्याळाचा धरला. पुस्तक तो खरा तास धरतं. ‘ताशी ६० किलोमीटर’मधला तास जसा कोणाचाही खासगी नसतो, तसाच हाही. जे माप चुकीचं आहे त्यानेच त्याची चूक मोजायला घेतली तर मोजायला आधार काय उरला?

म्हणून खऱ्या ६० मिनिटांत हे घड्याळ ६५ मिनिटं चालतं. सकाळी आठपासून अडीचपर्यंत ते ३९० मिनिटं चाललं. ३९०ला ६५ने भागलं की ६ येतात, म्हणजे खरे ६ तास झाले आणि दुपारचे २ वाजले. आपलं उत्तर तपासायची सोपी रीत अशी की खऱ्या वेळेवरून उलटं या. खरे १:५७:३० वाजले असते तर आठपासून साडेतीनशे अधिक साडेसात, म्हणजे ३५७॥ मिनिटं झाली असती. दर १२ मिनिटांना १ मिनिट याप्रमाणे सुमारे २९ मिनिटे ४७ सेकंद पुढे गेलेलं घड्याळ २ वाजून २७ मिनिटे १७ सेकंद दाखवतं. अडीच होत नाहीत, म्हणजे ते उत्तर या प्रश्नाचं नाही.

पण प्रश्नात ‘घड्याळाच्या दर तासाला’ असं लिहिलेलं असतं तर तुमचं १:५७:३० हेच बरोबर ठरलं असतं, कारण मग घड्याळाच्या ६० मिनिटांत खरी ५५ होतात. एका षष्ठीच्या प्रत्ययाने अडीच मिनिटांचा फरक! मागे पडणाऱ्या घड्याळातही तोच पेच आहे. ताशी ५ मिनिटं मागे पडणारं घड्याळ आठला लावलं आणि त्यात दीड वाजला, तर ते ३३० मिनिटं चाललं. ३३०ला ५५ने भागून पुन्हा ६ तास, खरे दोनच वाजले. तुमच्या रीतीने साडेसत्तावीस मिनिटं मिळवली तर गंमत म्हणजे इथेही १:५७:३०च येतं. पुढे जाणारं असो वा मागे पडणारं, ही चूक खऱ्या वेळेच्या अलीकडेच थांबते.

वेळ कोणाची, हे मराठीत ‘वाजता’वरूनही ठरतं. ‘अडीच वाजता ते घड्याळ किती दाखवेल?’ इथले अडीच खरे. खरे साडेसहा तास झाले, घड्याळ ३२॥ मिनिटं पुढे गेलं, ३ वाजून २ मिनिटे ३० सेकंद दाखवतं. तिथे भागायचं नाही, मिळवायचं. ‘त्या घड्याळात अडीच वाजले तेव्हा’ म्हटलं की मात्र अडीच चुकीचे, आणि भागाकार आला.

शेवटी ‘घडी’. इंदुरात ‘घडी बंद पडली’, ‘एका घंट्यात येतो’ हे इतकं अंगवळणी पडलंय की ते चुकीचं म्हणायला जीभ धजावत नाही, पण पुण्याकडच्या मुलाला घडी म्हणजे साडीची आणि घंटा म्हणजे देवळातली. जुनी घटिका, तिलाही घडी म्हणत, ती २४ मिनिटांची, म्हणजे तासाच्या अडीच घटिका. गणितात ‘घडी’ लिहिलं तर हाही अर्थ मधे डोकावतो. ‘तेज’ तर मराठीत चेहऱ्यावर असतं. मुलीला वहीत असं लिहून द्या: ‘एक घड्याळ खऱ्या दर तासाला ५ मिनिटे पुढे जाते. ते सकाळी ८ वाजता बरोबर लावले. त्या घड्याळात दुपारचे अडीच वाजले, तेव्हा खरे किती वाजले?’