मिलियनचे कोटी करताना आलेखाचा तोल कसा सांभाळावा?

*"भारताच्या लोकसंख्येच्या एका इंग्रजी आलेखाचा फोटो मराठीत करायचा आहे. उभ्या अक्षावर 'पॉप्युलेशन इन मिलियन्स' आहे. तिथे दशलक्ष लिहू की कोटी? 'लेजंड'ला मराठी शब्द कोणता? आणि आकडे मराठी करावेत की तसेच ठेवावेत?"*

कोटी लिहा. 'दशलक्ष' चूक नाही, पण तो शब्द वाचला की मराठी माणूस मनातल्या मनात दहाने भागून कोटी करतो आणि मगच आकडा समजतो. ते काम वाचकावर कशाला टाकायचं? जुन्या गणितात दहा लाखांना 'प्रयुत' असा स्वतंत्र शब्द होता, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त तो आहे. पण आज तो आलेखावर लिहिला तर कुणाला कळणार नाही. लोकसंख्या आपण कोटींतच बोलतो.

मात्र शब्द बदलला की त्याच्यामागचे सगळे आकडेही बदलावे लागतात, आणि घोळ नेमका इथे होतो. एका कार्यालयाच्या भिंतीवर मी असा तक्ता पाहिला होता. अक्षाचं नाव झकास मराठीत, 'लोकसंख्या (कोटींत)', आणि खाली खुणा मात्र मूळच्याच: २००, ४००, ६०० करत १२०० पर्यंत. त्या हिशेबानं २०११ साली भारतात १२०० कोटींवर माणसं झाली! तेव्हा साऱ्या जगाची लोकसंख्याच ७०० कोटींच्या आसपास होती. तक्ता बरेच दिवस तसाच टांगलेला होता, कारण शब्द वाचणारे शब्द वाचत होते आणि स्तंभ बघणारे स्तंभ.

एक कोटी म्हणजे दहा मिलियन, म्हणून अक्षावरच्या प्रत्येक खुणेला दहाने भागायचं: २००चे २०, ४००चे ४०, १२००चे १२०. रेघा आणि स्तंभ जागेवरून हलवायचे नाहीत, फक्त लिहिलेलं बदलायचं. इथे नशीब असं की भागाकार सरळ सुटतो आणि खुणा गोल आकड्यांवरच राहतात. अक्ष बिलियनमध्ये असेल तर एका बिलियनचे १०० कोटी होतात, म्हणून शंभरने गुणायचं. बिलियनला 'अब्ज' हा नेमका शब्द मराठीत आहे. पण एकाच चित्रात शीर्षकात 'अब्ज' आणि अक्षावर 'कोटी' नको. मूळ चित्राच्या शीर्षकात १.२१ बिलियन असेल तर मराठीत तिथेही १२१ कोटीच करा.

एकक तीन ठिकाणी लपलेलं असतं हेही लक्षात ठेवा: अक्षाच्या नावात, स्तंभाच्या डोक्यावरच्या आकड्यात (८३४च्या मागे चिकटलेलं इंग्रजी एम), आणि तळाच्या बारीक टिपेत. अक्ष बदलतो, टीप बदलते, आणि तो एम तसाच राहून जातो. फोटो असल्यामुळे तो निवडून पुसता येत नाही, त्यावर पट्टी चढवावी लागते. म्हणून आधी फोटो मोठा करून असा प्रत्येक एम बोट ठेवून मोजावा.

आता तुमच्याच आलेखासारखा एक आलेख घेऊ. जनगणनेनुसार १९५१ साली ग्रामीण २९९ आणि शहरी ६२ मिलियन, २००१ साली ७४३ आणि २८६, २०११ साली ८३४ आणि ३७७. कोटींत ते होतात २९.९ आणि ६.२, ७४.३ आणि २८.६, ८३.४ आणि ३७.७. दहाने भागल्यावर एक दशांश स्थळ येतं, ते राहू द्या, पूर्णांक करायला जाऊ नका. प्रत्येक वर्षाची बेरीज मूळ बेरजेच्या दहाव्या हिश्शाएवढी यायला हवी: २०११ची ८३.४ अधिक ३७.७, म्हणजे १२१.१. मूळची १२११. जुळलं. एखादं दशांश चिन्ह घसरलं असेल तर ते इथेच सापडतं.

'लेजंड'साठी 'सूची' हा शब्द घ्या. शाळेच्या भूगोलात नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीला आपण हेच म्हणत आलो. खाली ग्रामीण आणि वर शहरी असा एकावर एक रचलेला स्तंभ असेल, तर त्याला पाठ्यपुस्तकातलं नाव आहे 'विभाजित स्तंभालेख'. सूचीतला क्रमही रचनेप्रमाणेच असावा. आणि एका रंगाला एकच शब्द. सूचीत 'नागरी', शीर्षकात 'शहरी' आणि टिपेत 'शहरांतील' असं झालं, की वाचकाला वाटतं या तीन वेगळ्या गोष्टी असाव्यात. सरकारी मराठीत 'नागरी' चालतो, पण सगळ्यांसाठीच्या चित्रात मी 'शहरी' घेतो, कारण 'नागरी' म्हटलं की मनात नागरी सेवाही येते आणि नागरी लिपीही.

टक्क्यांकडे मात्र नीट बघा, कारण तिथे सगळा अर्थ एका प्रत्ययावर उभा असतो. वरच्याच आकड्यांवरून २००१ ते २०११ मध्ये शहरी लोकसंख्या २८.६ कोटींवरून ३७.७ कोटींवर गेली, म्हणजे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात एकूण लोकसंख्येतला शहरी हिस्सा २७.८ टक्क्यांवरून ३१.१ टक्क्यांवर गेला. '-नी' वाढ सांगतो, '-वर' पातळी सांगतो. ३२ आणि ३१ इतके जवळचे आकडे एकाच चित्रात असले, की 'शहरी हिस्सा ३२ टक्क्यांनी वाढला' असं वाक्य हातून सहज उतरतं, आणि ते साफ खोटं असतं. हिश्शातला ३.३चा फरक सांगायला काहीजण 'टक्केबिंदू' वापरतात. माझ्या मते 'इतक्यावरून इतक्यावर' ही आपली रचना पुरते, आणि तिच्यात गैरसमजाला जागाच नाही.

आकडे देवनागरी करायचे तर सगळे करा, नाहीतर सगळे मूळचेच ठेवा. देवनागरी '१' लहान अक्षरात इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि '४' इंग्रजी 8 सारखा. अक्षावर १९९१ देवनागरीत आणि शेजारच्या स्तंभावर आकडा इंग्रजीत असला, तर धूसर फोटोत डोळा फसतो. स्तंभांवरचे आकडे चित्रातच इतके मुरलेले असतील की पट्टी चढवताना रंग बिघडेल, तर सगळं इंग्रजी अंकांत ठेवा. शाळेच्या वरच्या इयत्तांची गणिताची पुस्तकंही हल्ली तेच अंक छापतात. पण ती सवलत फक्त अंकांच्या रूपाला. आकडा दहाने भागायचा असेल तर पट्टी चढवायलाच हवी. ती चढवताच येत नसेल तर कोटींचा हट्ट सोडा आणि अक्षावर 'दशलक्षांत' लिहा, म्हणजे स्तंभावरचा 834 खरा राहतो. सुरुवातीला मी दशलक्ष नको म्हटलं होतं, त्याला हा एवढाच अपवाद.

अक्षाच्या नावातला अनुस्वारही जपा: 'कोटींत', 'लाखांत', 'हजारांत'. बारीक टंकात तो पहिला उडतो. मूळ चित्रात हे नाव उभं लिहिलेलं असतं, पण मराठीत मात्रा-अनुस्वार आडवे झाले की वाचवत नाहीत. मी ते अक्षाच्या माथ्यावर आडवं लिहितो.