लवंगेनं घसा बरा वाटतो, पण...

"ताई, ह्यांचा घसा चार दिवस दुखतोय. आलं, लवंग, मध चालू आहे. काढा घेतला की तासभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. अजून किती दिवस घरीच बघायचं? आणि आमच्या नऊ महिन्यांच्या बाळालाही खोकला आहे, त्याला थोडा मध चाटवला तर चालेल ना?"

आधी बाळाचं. मध चाटवू नका, बोटाच्या टोकावरही नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नकोच. मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात. आपल्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला शी होत नाही, दूध ओढायची ताकद राहत नाही, रडणं क्षीण होतं, अंग ढिलं पडतं. काढ्यात उकळला तरी मध सुरक्षित होत नाही, कारण हे बीजाणू साध्या उकळीनं मरत नाहीत. बाळाला श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा ते दूध पीत नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

आता घरातल्या मोठ्या माणसाचं. तुमच्यासारखाच फोन मला एका बहिणीनं केला होता. भाऊ पंचविशीचा, घसा पाच दिवस दुखत होता. आल्याचा पेरभर तुकडा ठेचून, दोन लवंगा घालून दीड कप पाण्यात उकळायची, गाळून कोमट झालं की चमचाभर मध. अगदी बरोबर करत होती. मधाचा दाट थर घशावर बसतो आणि कोरडी खवखव, खोकला शांत होतो. कोमट एवढ्यासाठी, की सुजलेल्या घशाला कढत पाणी आणखी भाजतं. ते दिवसातून दोन-तीनदा घ्यायला हरकत नाही. फक्त मधुमेह असेल तर मधाची साखर धरावी लागते, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आल्याचा मारा डॉक्टरांना विचारूनच.

भाऊ मात्र त्याशिवाय दिवसभर दाढेत लवंग धरून होता. लवंगेत युजेनॉल असतं, त्यानं जागा बधिर होते. म्हणूनच तासभर बरं वाटतं. (लवंगेचं तेल थेट घशाला लावायच्या भानगडीत कुणी पडू नये, आतली त्वचा पोळते. लहान मुलांनी ते गिळलं तर यकृताला धोका असतो.) पण बधिर होणं म्हणजे सूज उतरणं नव्हे, आणि नेमकी तिथेच त्या घरात फसगत झाली होती. "लवंग धरली की बरा असतो," असं बहीण म्हणत होती.

मी म्हटलं, त्यालाच फोन द्या. तो दोन वाक्यं बोलला आणि मला खटकलं. गरम घास तोंडात धरून बोलावं तसा आवाज. दुखतंय कुठे? फक्त उजव्या बाजूला, कानापर्यंत. थुंकी गिळता येते? वाटीत थुंकतोय. मग सांगितलं, "आपलीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून बघ." बहुतेकांची तीन बोटं आरामात जातात. त्याचं एक जेमतेम गेलं.

मी त्यांना काढा बाजूला ठेवून त्याच तासात रुग्णालयात जायला सांगितलं. डॉक्टरांनी टॉर्च मारला तर उजव्या टॉन्सिलच्या वरची बाजू फुगलेली आणि पडजीभ डावीकडे ढकललेली. टॉन्सिलमागे पू साठला होता. सुईनं तो काढला, अँटिबायोटिक सुरू केलं. पू काढल्यावर संध्याकाळपर्यंत तो पाणी प्यायला लागला. थांबला असता तर हा पू मानेत उतरू शकला असता, श्वासही अडकू शकला असता.

म्हणून तुमच्या ह्यांची आत्ताच बोटांनी परीक्षा घ्या, आणि तीसुद्धा लवंग तोंडात नसताना. तीन बोटं जात नाहीत का, दुखणं एकाच बाजूला आहे का, लाळ गिळता येत नाही का, आवाज बदललाय का, ते बघा. यातलं काहीही असेल तर आजच दाखवा. श्वास घेताना आवाज येत असेल तर वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जा.

नाक वाहतंय, खोकला आहे, दोन्ही बाजू सारख्याच दुखताहेत, तर बहुधा विषाणूचा घसा आहे. तो साधारण आठवड्यात उतरतो आणि अँटिबायोटिकनं लवकर बरा होत नाही. उलट खोकला-सर्दी काहीच नाही, ताप मात्र आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी, तर स्ट्रेप्टोकोकस असू शकतो. तिथे डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. हा संसर्ग विनाउपचार राहिला तर काहींना, विशेषतः शाळकरी मुलांना, नंतर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होतात. अंगावर पुरळ आलं किंवा आठवडा उलटूनही दुखणं तसंच राहिलं, तरीही दाखवायचं. आवाज तीन आठवडे बसलेला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे.

बोटं किती गेली ते मला रात्री कळवा.