भाडं माफ असलेल्या महिन्यांतही भाडे खर्च कसा काय?

प्रश्न: आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने पुण्यात पाच वर्षांसाठी ऑफिस घेतलं आहे. १ ऑक्टोबर २०२४ ला ताबा मिळाला. पहिले तीन महिने फिट-आउटसाठी भाडं माफ, मग ३६व्या महिन्यापर्यंत दरमहा २ लाख, त्यानंतर १५ टक्के वाढ. लॉक-इन तीन वर्षांचं. ऑडिटर म्हणतात, माफीच्या महिन्यांतही भाडे खर्च दाखवा. जे दिलंच नाही आणि देणंही लागत नाही, ते खर्चात कसं घालायचं?

उत्तर:

ऑडिटर बरोबर सांगताहेत. मी अशाच लहान-मध्यम कंपन्यांचे हिशेब बघते आणि ऑफिस बदललेल्या जवळजवळ प्रत्येक क्लायंटकडून हा प्रश्न येतो.

मालक तीन महिने सोडतो ते काही उदार होऊन नव्हे. पुढच्या सत्तावन्न महिन्यांत किती भाडं येणार हे बघूनच तो सोडतो. तुम्ही ब्रोकरला "माफी नको, भाडं कमी करा" म्हटलं असतंत तर तेही बहुधा जमलं असतं. म्हणजे माफी ही पहिल्या तीन महिन्यांची नसते, ती सगळ्या करारावरची सूट असते. जागा मात्र १ ऑक्टोबरपासून तुमच्याच ताब्यात आहे. तिथे सुतार काम करतोय की तुमची माणसं बसली आहेत, याने फरक पडत नाही. तुमच्या कंपनीला लागू असलेलं लीजचं अकाउंटिंग स्टँडर्ड, एएस १९, हेच म्हणतं: ऑपरेटिंग लीजचं भाडं संपूर्ण मुदतीवर समान विभागून खर्चात घ्या. जागेच्या वापराचा फायदा कधी किती मिळतो हे दुसऱ्या एखाद्या पद्धतीने जास्त नेमकं दिसत असेल, तरच ती पद्धत वापरता येते. ऑफिसच्या बाबतीत तसं सहसा नसतं. "पण आमचं तर लिव्ह अँड लायसन्स आहे, लीज नाही" हा युक्तिवादही करू नका. पैसे देऊन ठरावीक काळ जागा वापरायचा हक्क मिळाला की या स्टँडर्डपुरतं ते लीजच. कंपनी छोटी असेल तर काही डिस्क्लोजरमधून सूट मिळते, समान विभागणीतून नाही.

आता तुमचे आकडे. ३३ महिने २ लाखांप्रमाणे ६६ लाख. पुढचे २४ महिने २.३० लाखांप्रमाणे ५५.२० लाख. एकूण १२१.२० लाख, भागिले ६०, म्हणजे दरमहा २.०२ लाख. हा तुमचा खर्च, पहिल्या महिन्यापासून साठाव्यापर्यंत तोच.

पहिल्या तीन महिन्यांत देणं शून्य आणि खर्च २.०२ लाख, त्यामुळे ताळेबंदात ६.०६ लाखांची जबाबदारी उभी राहते. चौथ्या ते छत्तिसाव्या महिन्यात तुम्ही २ लाख देता आणि खर्च २.०२ दाखवता, म्हणून ती दरमहा दोन हजारांनी वाढत ६.७२ लाखांवर जाते. सदतिसाव्या महिन्यापासून देता २.३० आणि खर्च तोच २.०२. दरमहा २८ हजार कमी होत चोवीस महिन्यांत ६.७२ लाख बरोबर संपतात. शेवटच्या महिन्यात शिल्लक शून्य आली नाही, तर तक्त्यात कुठेतरी चूक आहे असं खुशाल समजा.

तक्ता एक्सेलमध्ये करणार असाल तर एक खोच सांगते, कारण ती हमखास लागते. महिन्यांचं भाडं C2 ते C61 मध्ये लिहून लोक सरासरी काढतात:

```
=AVERAGE(C2:C61)
```

माफीच्या तीन महिन्यांचे रकाने रिकामे ठेवलेत तर हे सूत्र त्यांना मोजतच नाही. ते सत्तावन्नने भागतं आणि २,१२,६३२ दाखवतं. आकडा वाटतो ठीकठाक, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाही. रिकाम्या रकान्यांत शून्य लिहा, किंवा सरळ हे वापरा:

```
=SUM(C2:C61)/60
```

बेरजेत फक्त भाडं घ्या. परत मिळणारं डिपॉझिट नको, ज्याचं क्रेडिट मिळतं तो जीएसटी नको आणि मेंटेनन्सही नको. करार नीट वाचा: माफी बहुतेक वेळा फक्त भाड्याची असते, मेंटेनन्स आणि वीजबिल ताब्याच्या तारखेपासून सुरू होतं. तो खर्च ज्या महिन्याचा त्या महिन्यात पडतो, त्याची सरासरी काढायची नाही.

खरा वादाचा मुद्दा वेगळाच आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. भागायचं साठने की छत्तीसने? लॉक-इन तीन वर्षांचं आहे, त्यानंतर तुम्ही नोटीस देऊन निघू शकता. एएस १९ प्रमाणे मुदत म्हणजे रद्द न करता येणारा काळ, अधिक पुढचा असा काळ की ज्यात तुम्ही राहणार हे सुरुवातीलाच वाजवी खात्रीने सांगता येतं. छत्तीस धरलेत तर ६६ लाख भागिले ३६, म्हणजे दरमहा १,८३,३३३. पहिल्या वर्षाच्या सहा महिन्यांचा खर्च ११ लाख. साठ धरलेत तर तोच १२.१२ लाख. सुरुवातीच्या वर्षांत नफा जरा बरा दिसावा म्हणून कंपन्यांना छत्तीस आवडतं. पण मग सदतिसाव्या महिन्यात खर्च एकदम २.३० लाखांवर उडी मारतो.

यात मी आधी इंटिरिअरचं बिल बघते. फॉल्स सीलिंग, एसी डक्टिंग, काचेच्या केबिन असं करून तीस-चाळीस लाख जागेत घातले असतील, तर तीन वर्षांत ते टाकून जाणार हे कुणाला पटणार? तिथे साठच. उलट तयार जागा घेऊन नुसती टेबलं-खुर्च्या मांडल्या असतील, तर छत्तीस सहज मांडता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे घसारा. भाडं छत्तीस महिन्यांवर वाटायचं आणि त्याच जागेतल्या पार्टिशनचा घसारा मात्र साठ महिन्यांवर लावायचा, हे एका फाइलमध्ये शेजारी ठेवलं की ऑडिटर विचारणारच. दोन्हीकडे मुदत एकच धरा आणि ती का धरली याची अर्ध्या पानाची टीप आजच लिहून ठेवा.

"१५ टक्के वाढ ही महागाईमुळे आहे, ती सरासरीत धरायची नाही" असंही कुणीतरी तुम्हाला सांगेल. ही समजूत कुठून आली ते सांगते. भारतातल्या इंड एएस १७ मध्ये तशी सवलत होती: अपेक्षित महागाईच्या प्रमाणात होणारी भाडेवाढ समान विभागायची गरज नव्हती. पण ते स्टँडर्ड वेगळ्या कंपन्यांसाठी होतं, आणि १ एप्रिल २०१९ पासून त्याची जागा इंड एएस ११६ ने घेतली. एएस १९ मध्ये तशी सवलत लिहिलेली नाही. करारात ठरलेला टक्का असेल तर तो बेरजेत येतो. वाढ पुढे जाहीर होणाऱ्या निर्देशांकावर ठरणार असेल तर ती वेगळी गोष्ट, कारण तिचा आकडा आज ठरलेलाच नसतो.

एंट्री सोपी आहे. पहिल्या तीन महिन्यांत दरमहा भाडे खर्च २.०२ लाख डेबिट आणि 'रेंट इक्वलायझेशन' या वेगळ्या खात्याला क्रेडिट. मालकाच्या लेजरला हे क्रेडिट चुकूनही देऊ नका. तसं केलंत तर वर्षअखेरीला बॅलन्स कन्फर्मेशन मागवल्यावर मालक म्हणेल, माझं तर काहीच येणं नाही. शिवाय त्याच्या नावावर रक्कम जमा दिसली की टीडीएस का कापला नाही हा प्रश्न फुकट ओढवून घ्याल. जीएसटीचाही संबंध नाही, कारण बिलच आलेलं नाही. या खात्याला काही जण 'रिझर्व्ह' म्हणतात, पण ते नेटवर्थमध्ये जात नाही. ती जबाबदारी आहे आणि इतर दीर्घकालीन देण्यांत दाखवायची. भाडेवाढ पुढच्या बारा महिन्यांत येऊन ठेपली की त्या वर्षात कमी होणारा भाग चालू देण्यांत हलवायचा. तुमच्या बाबतीत ते पहिल्यांदा ३१ मार्च २०२७ च्या ताळेबंदात होईल. ३१ मार्च २०२५ ला शिल्लक ६.१२ लाख असेल, सगळी दीर्घकालीन.

आयकराच्या गणनेत बहुतेक कंपन्या हा फरक नफ्यात परत मिळवतात आणि करारातल्या भाड्याचीच वजावट घेतात. मग एएस २२ प्रमाणे डिफर्ड टॅक्स येतो: २५.१६८ टक्के दर असेल तर ६.१२ लाखांवर साधारण १.५४ लाखांचं डिफर्ड टॅक्स असेट. पण कंपनीचे जुने तोटे पुढे ओढलेले असतील, तर ते असेट दाखवायला जवळजवळ निर्विवाद पुरावा लागतो. तेव्हा ते आपोआप बसेल असं धरून चालू नका.

मधेच जागा सोडलीत तर? समजा साठ धरून चालला होतात आणि चाळिसाव्या महिन्याच्या शेवटी बाहेर पडलात. तेव्हा खात्यात ५.६० लाख उरलेले असतात. ते कुणालाच द्यायचे नसतात, त्यामुळे त्या वर्षाच्या नफ्यात परत येतात. त्याच वेळी इंटिरिअरची उरलेली किंमतही काढून टाकावी लागते, म्हणून हा 'फायदा' बघून फार खूश होऊ नका. लॉक-इन संपायच्या आत निघालात तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मालक मागेल, ते आणखी वेगळं.

आणि पुढेमागे कंपनी लिस्ट झाली किंवा नेटवर्थ २५० कोटींवर गेली, तर इंड एएस लागू होईल आणि हा तक्ता बाजूला पडेल. ११६ मध्ये पुढची सगळी भाडी आजच्या किमतीत आणून जबाबदारी आणि वापराच्या हक्काची मालमत्ता दाखवतात. माफीच्या महिन्यांचं देणं शून्य म्हणून त्यात आपोआपच धरलं जातं. समान विभागणी तिथे फक्त बारा महिन्यांपर्यंतच्या किंवा अगदी कमी किमतीच्या वस्तूंच्या लीजपुरती उरते, तीही कंपनीने ती सूट घेतली तर.