‘सीट’ला मराठीत काय म्हणावं? आणि renewal म्हणजे मुदतवाढ का?

प्रश्न : ‘रत्नागिरीत आमचा आंब्याचा घरचा व्यवसाय आहे. ऑर्डरी आणि हिशेबासाठी परदेशी क्लाउड सॉफ्टवेअर घेतोय. दराच्या पानावर “$12 per user/month, billed annually”, seats, “auto-renews” असं लिहिलंय. काकांना मराठीत लिहून द्यायचंय. सीटला “जागा” म्हणू का? renewal म्हणजे मुदतवाढच ना?’

‘जागा’ नको. जागा म्हटलं की एक उठला की दुसरा बसला, असं काकांना वाटेल. अशा पानावर per user असेल तर सीट बहुधा एका माणसाच्या नावाची असते. त्याचा स्वतंत्र ईमेल, स्वतंत्र लॉगिन. तो नोकरी सोडून गेला तर ती सीट दुसऱ्याच्या नावावर करता येते, पण सकाळी एकाने आणि दुपारी दुसऱ्याने एकच लॉगिन वापरणं बहुतेक करारांत बसत नाही. म्हणून ‘माणशी खातं’ लिहा, किंवा सरळ ‘सीट’च ठेवा. Basic, Pro वगैरेंना ‘प्लॅन’ पुरे. फक्त एवढं जोडा की पुष्कळदा सगळ्या सीट एकाच प्लॅनच्या घ्याव्या लागतात. एकट्या काकांना वरच्या प्लॅनमधला रिपोर्ट हवा असेल तरी गोदामातल्या पोरासाठीही तोच दर पडतो.

आता खरी मेख billed annually मध्ये आहे. दर महिन्याचा दिसतो, पैसे वर्षाचे एकदम जातात. बाग कराराने घेतल्यासारखंच हे : मोहोर जळला तरी ठरलेली रक्कम द्यावीच लागते.

तुमच्यासारख्या हंगामी धंद्यात हे कसं अंगावर येतं ते आकड्यांत पाहू. समजा, कायमची माणसं ६ आणि प्लॅन १ जानेवारीला सुरू केला. माणशी १२ डॉलर, म्हणजे वर्षाचे ८६४ डॉलर. मार्चच्या मध्यावर पेट्या सुटायला लागल्या, ऑर्डरी नोंदवायला आणखी ४ जण घेतले आणि ४ सीट वाढवल्या. वाढीव सीटचे पैसे सहसा वर्षअखेरपर्यंतचे लागतात : साडेनऊ महिन्यांचे ४५६ डॉलर. जूनमध्ये ती माणसं गेली तरी सीट कमी होत नाहीत. वाढवणं केव्हाही, घटवणं फक्त रिन्यूअलला, असाच सर्वसाधारण रिवाज. तेव्हाही आकडा बदलला नाही तर पुढचं बिल १० सीटचं, म्हणजे १४४० डॉलरचं येतं.

त्याच पानावर महिनेवारी दर १५ डॉलर असेल, तर ४ जणांचे तीन महिन्यांचे १८० डॉलर होतात. महाग दिसणारा दर इथे स्वस्त पडतो. मात्र काही कंपन्या एकाच खात्यात वार्षिक आणि महिनेवारी सीट मिसळू देत नाहीत. हे घेण्याआधी त्यांना ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

renewal ला ‘मुदतवाढ’ म्हणू नका. मुदतवाढीत जुन्याच अटी पुढे चालतात असा आपला समज असतो. इथे बहुधा त्या दिवशीच्या दराने नवं वर्ष सुरू होतं आणि पहिल्या वर्षाची सूट गळून पडते. ‘नूतनीकरण’ बरोबर, पण auto-renews साठी मी पूर्ण वाक्यच लिहीन : ‘आपण आधी नाही म्हटलं नाही, तर पुढच्या वर्षाचा करार आपोआप होतो.’ आधी म्हणजे किती, ते दराच्या पानावर क्वचितच असतं. अटींच्या पानावर renewal च्या कलमात notice हा शब्द शोधा. काही ठिकाणी ३० दिवस आधी कळवावं लागतं, काही ठिकाणी आदल्या दिवशीपर्यंत चालतं.

कार्डाचं एक वेगळंच. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम असा की साधारणपणे १५,००० रुपयांवरच्या रकमेला प्रत्येक वेळी ओटीपीसारखी मंजुरी लागते. ८६४ डॉलर त्याच्या कितीतरी वर जातात. मंजुरी दिली गेली नाही तर पेमेंट अडकतं आणि काही दिवसांनी खातं बंद पडू शकतं, तेही जानेवारीत आगाऊ ऑर्डरी येत असताना. उलट, पेमेंट अडकलं म्हणजे करार सुटला असंही नाही. auto-renew बंद केलेलं नसेल तर कंपनी बाकी मागू शकते. तेव्हा नको असेल तर Billing मध्ये जाऊन ते बंदच करा आणि बंद झाल्याचा ईमेल आला का बघा.

काकांच्या कागदावर शेवटी कराची ओळ घाला. पानावरच्या दरात जीएसटी सहसा धरलेला नसतो. तुमचा जीएसटी नंबर त्यांना दिलात तर १८ टक्के तुम्हालाच रिव्हर्स चार्जने भरावे लागतात. त्याची वजावट किती मिळेल ते सीएंना विचारा, कारण ताजा आंबा करमुक्त आहे आणि डबाबंद रसाचं गणित निराळं.